आरशातला दुसरा दयाळ

आपल्याच प्रतिबिंबावर तुटून पडणारे पक्षी जगात सगळीकडे आढळतात. महाराष्ट्रात हा प्रकार दयाळ, चीरक, धोबी, शिंजीर, बुलबुल, सातभाई अशा अनेक पक्ष्यांत दिसतो. यांपैकी दयाळ हा माणसाच्या वस्तीला सरावलेला, बागेत आणि सोसायटीच्या आवारात राहणारा पक्षी. त्यामुळे गाडीच्या आरशाशी किंवा खिडकीच्या काचेशी भांडताना तो लोकांच्या नजरेला जास्त पडतो. हा पक्षी असे का करतो, हे नीट समजून घेतले की बाकीच्या पक्ष्यांचे वागणेही बरेचसे उलगडते.

दयाळ साधारण बुलबुलाएवढा असतो. नराचे डोके, छाती आणि पाठ चकचकीत काळी, पोट पांढरे, काळ्या पंखावर पांढरा पट्टा आणि लांब काळ्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. नर जिथे काळा, तिथे मादी राखाडी. थंडीच्या दिवसांत हा पक्षी झुडपांच्या आडोशाने गुपचूप वावरतो, त्यामुळे तो आवारात आहे याचा पत्ताही लागत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मात्र तो उंच फांदीवर, विजेच्या तारेवर किंवा गच्चीच्या कठड्यावर येऊन पहाटेपासून गाऊ लागतो. ऐकणाऱ्याला ते गाणे गोड वाटते. दुसऱ्या नरासाठी ती ताकीद असते, की ही जागा घेतलेली आहे.

या ताकिदीमागे शरीरात मोठा बदल झालेला असतो. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या मेंदूला वाढत्या उजेडाची जाणीव होते. मेंदूकडून निघालेल्या संप्रेरकांमुळे वर्षाचा बराच काळ आकसून राहिलेली जननेंद्रिये कित्येक पटींनी वाढतात आणि नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण चढते. त्यातून गाणे वाढते, हद्द राखण्याची ओढ वाढते आणि भांडखोरपणाही वाढतो. अनेक पक्ष्यांत असे दिसते, की टेस्टोस्टेरॉनची सर्वांत उंच पातळी हंगामभर टिकत नाही. शेजारच्या नरांशी कुरबुरी चालू असताना ती चढते आणि पिलांना भरवायची वेळ आली की उतरते. शास्त्रज्ञ जॉन विंगफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये ही गोष्ट सविस्तर मांडली. आरशाच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण ज्या पक्ष्याला समोर सतत प्रतिस्पर्धी दिसतो, त्याचे शरीरही भांडणाच्या तयारीतच राहण्याची शक्यता असते.

दयाळाला हद्दीची एवढी फिकीर का, याचे उत्तर त्याच्या घरट्यात आहे. तो झाडाची ढोली, भिंतीतले भोक, पाइपाचे तोंड अशा तयार पोकळीत घरटे करतो. अशा जागा मोजक्याच असतात. शिवाय पिलांना किडे-अळ्या पुरवायला घरट्याजवळ पुरेशी जमीन लागते. हद्द गेली तर घरटे, खाद्य आणि मादी ही तिन्ही एकदम जातात. पिलांना भरवण्याचे काम मादी जास्त करते आणि परक्या नरांना हुसकावण्याचे काम मुख्यतः नराकडे असते. आवारात शिरलेला दुसरा नर त्याच्या दृष्टीने साधा वाटसरू नसतो.

तरीही दोन नर भेटले की लगेच मारामारी सुरू होत नाही. त्यांच्या भांडणाला पायऱ्या असतात. आधी दुरून गाणे. दुसरा हटला नाही, तर जवळच्या फांदीवर येऊन छाती पुढे काढणे, चोच वर करणे, शेपटी उभारून पसरणे. त्यानेही भागले नाही, तर अंगावर झेप आणि पाठलाग. प्रत्यक्ष चोची-नख्यांची झटापट ही शेवटची पायरी, आणि तिथवर प्रकरण क्वचितच जाते. जखम दोघांनाही परवडणारी नसते आणि आधीपासून त्या जागेत असलेला पक्षी सहसा माघार घेत नाही. म्हणून आलेला पाहुणा वरच्या एखाद्या पायरीवरच काढता पाय घेतो. ही सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे. समोरचा पक्षी आपल्या इशाऱ्याला काहीतरी उत्तर देईल, म्हणजे दबेल किंवा निघून जाईल, हे ते गृहीत. आरशातला पक्षी नेमका हाच नियम मोडतो.

मोटारीच्या दाराशेजारचा आरसा घेऊन हे पाहता येईल. दयाळ नर उभ्या गाडीच्या दारावर येऊन बसतो. खाली उतरलेल्या काचेची कड किंवा आरशाची चौकट त्याला पाय टेकवायला सोयीची असते. मान वळवताच त्याला हातभर अंतरावर, त्याच्याच उंचीवर, एक काळा-पांढरा नर दिसतो. तो त्याच्या हद्दीच्या ऐन मध्यात आहे, एवढे कारण पुरेसे होते. दयाळ शेपटी उभारतो, समोरचाही उभारतो. तो छाती फुगवतो, समोरचाही फुगवतो. तो एक पाऊल पुढे सरकतो आणि आरशाच्या नियमाप्रमाणे प्रतिबिंबही तेवढेच पुढे येते. दोघांमधले अंतर त्याच्या एका पावलाने दोन पावलांनी कमी होते. खऱ्या पाहुण्याने इथे मागे सरायला हवे होते. हा मात्र प्रत्येक धमकीला त्याच क्षणी, तेवढ्याच जोराची धमकी देतो. म्हणून पायऱ्या भराभर चढल्या जातात आणि जी झटापट एरवी क्वचित होते, ती काही सेकंदांत सुरू होते. पक्षी पंख फडफडवत काचेसमोर उठतो, पायांनी काच धरू पाहतो, चोच मारतो, घसरतो, पुन्हा चौकटीवर बसतो आणि पुन्हा उसळतो.

थकून तो दूर उडाला की प्रतिबिंबही नाहीसे होते. इथे आणखी एक पेच तयार होतो. पक्ष्याच्या अनुभवाप्रमाणे हल्ला केला आणि शत्रू निघून गेला, म्हणजे हल्ला लागू पडला. पण खात्री करायला तो परत आला की शत्रू पुन्हा हजर. निरुपद्रवी गोष्टींना पक्षी सहसा लवकर सरावतात. शेतातल्या बुजगावण्याला पाखरे काही दिवसांत जुमानत नाहीत, कारण ते काहीच करत नाही. आरशातला नर मात्र दर वेळी हलतो, अंगावर येतो आणि जाताना हरल्यासारखा जातो. त्याला सरावण्याची संधीच मिळत नाही. एकच पक्षी एकाच आरशावर दिवसेंदिवस का परततो, याचे सर्वांत पटणारे स्पष्टीकरण हेच आहे.

मग समोरचा पक्षी खरा नाही, हे त्याला ओळखू का येत नाही? त्याच्याजवळ गंध नाही, तो गात नाही, काचेला पाय लावला तर पिसांऐवजी थंड कठीण पृष्ठभाग लागतो. इतके पुरावे पुरेसे असावेत असे माणसाला वाटते. पण पक्षी प्रतिस्पर्धी ओळखतो तो असा सगळा पुरावा गोळा करून नव्हे. युरोपातल्या रॉबिन पक्ष्यावर डेव्हिड लॅक यांनी इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. त्यांचे ‘द लाइफ ऑफ द रॉबिन’ हे पुस्तक 1943 मध्ये प्रसिद्ध झाले. लॅक यांनी पेंढा भरलेला रॉबिन दुसऱ्या रॉबिनच्या हद्दीत ठेवला. त्या हद्दीच्या मालकाने त्याला धमकावले आणि चोचीने मारले. मग त्यांनी त्या पेंढाभरल्या पक्ष्याचे एकेक अवयव काढून टाकले. अखेर छातीच्या तांबड्या पिसांचा नुसता झुपका उरला, तरी काही रॉबिन त्याच्याशी भांडायला उभे राहिले. उलट, तांबडी छाती अजून न आलेल्या तरुण पक्ष्याचा अख्खा, हुबेहूब नमुना ठेवला, तर त्याकडे बहुतेकांनी लक्ष दिले नाही. म्हणजे रॉबिनच्या लेखी ‘शत्रू’ म्हणजे मुख्यतः आपल्या हद्दीतली तांबडी छाती. बाकीचा पक्षी असला काय नि नसला काय.

लॅक यांनी नोंदवलेली आणखी एक गोष्ट आरसा झाकणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. पेंढा भरलेला पक्षी काढून घेतल्यावरही एक रॉबिन त्याच जागी परत आला आणि रिकाम्या हवेत चोची मारत राहिला. नंतरच्या फेऱ्यांमध्ये त्याचा जोर कमी कमी होत गेला. शत्रूइतकीच शत्रूची जागाही पक्ष्याच्या लक्षात राहते. म्हणून आरसा झाकल्यावरही दयाळ पुढे काही काळ तिथे येऊन पाहून जातो.

अशा मोजक्या खुणांवर विसंबणे हा पक्ष्याचा मूर्खपणा नाही. झाडीतून परका नर क्षणभर दिसतो आणि तेवढ्यात निर्णय घ्यायचा असतो. काळी छाती, पांढरा पट्टा आणि उभारलेली शेपटी दिसली की तो दयाळ नरच, हा ठोकताळा रानात जवळजवळ कधीच चुकत नाही. निसर्गात स्पष्ट प्रतिबिंब मिळते ते शांत पाण्यात, आणि तेही आडवे, पाय टेकायच्या जागेच्या खाली. उभे, स्वच्छ, डोळ्यांसमोर येणारे प्रतिबिंब माणसाने काच आणि आरसा घडवल्यावरच पक्ष्यांच्या वाट्याला आले. त्याच्याशी कसे वागावे, हे पक्ष्यांच्या अंगी मुरायला काही कारणच नव्हते.

प्रतिबिंबात स्वतःला ओळखण्याची क्षमता प्राणिसृष्टीत एकूणच विरळ आहे. गॉर्डन गॅलप यांनी 1970 मध्ये चिंपांझींवर तिची चाचणी घेतली. प्राण्याच्या चेहऱ्यावर त्याला एरवी दिसणार नाही असा ठिपका लावायचा आणि आरशात पाहून तो स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपतो का, ते पाहायचे. माणसाचे मूलही साधारण दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत या चाचणीत उतरत नाही. पक्ष्यांत 2008 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी कावळ्यांच्या कुळातल्या मॅगपाय पक्ष्यांवर ती घेतली. पाचांपैकी काही पक्ष्यांनी आरशात पाहून गळ्याखालची रंगीत चिकटपट्टी काढायचा प्रयत्न केला. पुढे 2020 मध्ये स्पेनमध्ये तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसे फळ मिळाले नाही. कावळ्यांच्या कुळाबद्दलच अजून एकमत नाही, तिथे दयाळ-चीरकासारख्या पक्ष्यांकडून स्वतःला ओळखण्याची अपेक्षा धरता येत नाही.

आरशापेक्षा खिडकीचे प्रकरण थोडे वेगळे आहे. काच पारदर्शक असते, मग तिच्यात प्रतिबिंब कुठून येते? साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला, तर तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परततो. हा आकडा छोटा दिसतो. पण बाहेर सावलीतही 20,000 लक्स उजेड असेल आणि खोलीत 200 लक्स, तर ढोबळ हिशेब असा होतो, की बाहेरच्या दृश्याचे 8 टक्के म्हणजे 1,600 आणि आतल्या उजेडापैकी काचेतून बाहेर येणारे फार तर 180. बाहेरून पाहणाऱ्या पक्ष्याला प्रतिबिंब आतल्या वस्तूंपेक्षा जवळजवळ नऊपट उजळ दिसते. त्याच्यासाठी ती खिडक नसतेच, आरसा असतो. आत बसलेल्या माणसाला त्याच काचेतून बाहेरचे झाड स्वच्छ दिसते. त्यामुळे पक्ष्याला नेमके काय दिसते आहे, याचा त्याला अंदाज येत नाही. रात्री दिवे लागल्यावर हाच हिशेब उलटतो आणि आतल्या माणसाला काचेत स्वतःचा चेहरा दिसतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट कळते. खिडकीवर पक्षी येऊ लागला की घरातले लोक आधी पडदा ओढतात. गडद पडद्यामुळे काचेमागचा अंधार वाढतो आणि प्रतिबिंब अधिकच ठसठशीत होते. काळी फिल्म लावलेल्या काचा आणि आरशासारख्या चकाकणाऱ्या काचा तर पक्ष्यांना हमखास खेचतात. उपाय करायचा तर तो काचेच्या बाहेरच्या बाजूनेच करावा लागतो.

पण उपायाआधी रोगाची खात्री करून घेणे बरे. काचेवर चोच मारणारा प्रत्येक पक्षी प्रतिबिंबाशी भांडत नसतो. काही जण चौकटीच्या कोपऱ्यातले कोळी आणि किडे वेचायला येतात, तर कावळे वायपरचे किंवा काचेभोवतीचे रबर ओढतात. प्रतिबिंबाशी चाललेल्या भांडणाच्या खुणा निराळ्या असतात. पक्षी बहुधा तोच एक, जागा तीच आणि जोर सकाळी जास्त. काचेच्या एका ठराविक पट्ट्यात चोचीचे ओलसर ओरखडे आणि पिसांचे पुसट डाग दिसतात. आरशाखाली गाडीच्या दारावर पांढऱ्या शिटांचे ओघळ उतरतात. खात्री करायची सोपी तऱ्हा म्हणजे काचेचा अर्धा भाग बाहेरून वर्तमानपत्राने झाकणे. पक्षी उरलेल्या अर्ध्या भागाकडे सरकला, तर त्याचे भांडण प्रतिबिंबाशीच आहे.

या भांडणाची गल्लत पक्षी काचेवर आदळण्याशीही होते. तो प्रकार अगदी वेगळा आहे. तिथे पक्ष्याला काचेत आकाश किंवा झाड दिसते, ती मोकळी वाट समजून तो पूर्ण वेगाने येतो आणि पुष्कळदा जागीच मरतो. अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी 1970च्या दशकापासून याचा अभ्यास केला. त्या एका देशात अशा धडकांनी दर वर्षी मरणाऱ्या पक्ष्यांचे अंदाज कोटींच्या घरात जातात. प्रतिबिंबाशी भांडणारा पक्षी मात्र हातभर अंतरावरून उसळतो, त्यामुळे तो सहसा मरत नाही. त्याचे नुकसान हळूहळू होते. चोचीच्या कडा झिजतात, कधी चोचीच्या मुळाशी रक्त येते, ताकद खर्च होते. जो वेळ किडे शोधण्यात आणि खऱ्या शत्रूंवर लक्ष ठेवण्यात जायचा, तो आरशापुढे जातो. भांडणात गुंतलेल्या पक्ष्यावर दबा धरणाऱ्या मांजराचा धोका तर सोसायटीच्या वाहनतळावर कायमचाच असतो.

वाहनाच्या बाबतीत उपाय अगदी साधा आहे. गाडी उभी केली की आरसे मिटवावेत. मिटले तरी काच उघडी राहत असेल, तर त्यावर कापडी पिशवी किंवा जुना मोजा चढवावा. स्कूटरच्या आरशालाही तेवढे पुरते. खिडकीच्या काचेवर बाहेरून साबणाच्या ओल्या वडीने रेघा ओढाव्यात, कागद चिकटवावा किंवा काचेपासून वीतभर अंतरावर बारीक जाळी ताणावी. जाळीने प्रतिबिंब फिके होते आणि पक्षी काचेपर्यंत पोचतही नाही. काचेसमोर कुंडी, दोरी किंवा गज असा बसायचा आधार असेल तर तो हलवावा, कारण पुष्कळदा भांडण तिथूनच सुरू होते. प्लास्टिकचे घुबड किंवा ससाण्याचे चित्र यांचा परिणाम दोन-चार दिवसांत ओसरतो. पक्ष्याला हुसकावण्याने काही साधत नाही. माणूस वळला की तो परततो, कारण त्याच्या लेखी शत्रू अजून तिथेच आहे. जवळचे घरटे काढून टाकणे हा तर उपाय नव्हेच. ते कायद्याने गुन्हा आहे, आणि घरटे गमावलेली जोडी बहुधा त्याच आवारात पुन्हा वीण मांडते. म्हणजे भांडणाचा हंगाम उलट लांबतो.

झाकण किती दिवस ठेवावे लागते, हे पक्ष्यावर अवलंबून असते. दयाळाची वीण भारतात मुख्यतः मार्च ते जुलैत होते आणि नराचा भांडखोरपणा घरटे ठरण्याच्या व अंडी घालण्याच्या दिवसांत सर्वांत तीव्र असतो. काही दिवस आरसा झाकून ठेवला, की रिकाम्या जागेच्या त्याच्या फेऱ्या कमी होतात. पिले बाहेर आल्यावर तो त्यांना भरवण्यात गुंततो. पण त्याच हंगामात जोडीने दुसऱ्यांदा वीण केली, तर हल्ले पुन्हा सुरू होऊ शकतात. शिंजीराची गोष्ट याहून सोपी. जांभळा शिंजीर नर विणीबाहेर आपला झळाळता रंग टाकून मादीसारखा फिका होतो आणि त्याबरोबर त्याचा आवेशही उतरतो.

सातभाईंना मात्र हा हिशेब लागू पडत नाही. ते पाच-दहाच्या टोळीने राहतात आणि त्यांची हद्द एका नराची नसून साऱ्या टोळीची असते. ती ते वर्षभर राखतात. नर-मादी दिसायला सारखेच आणि भांडणात दोघेही उतरतात. त्यामुळे गाडीच्या आरशावर एकाने हल्ला चढवला, की बाकीचे कलकलाट करत मदतीला येतात आणि आरशात त्यांना तेवढीच मोठी परकी टोळी उभी दिसते. दयाळासाठी झाकण काही आठवडे लागते. सातभाईंच्या आवारात ते वर्षभर ठेवावे लागते.